तोटी गळते मुठीखालून? ग्लँड भरून पाहा

आमची पितळी तोटी बंद असली की कोरडी असते, उघडली की मुठीखालून पाणी ओघळतं. प्लंबर म्हणतो अख्खी बदला. बदलू का? (महाल)

अजिबात नको. बंद तोटी टपकत नाही, म्हणजे आतला वायसर शाबूत आहे. गळतोय तो ग्लँड, म्हणजे मूठ ज्या दांडीवर बसते त्या स्पिंडलभोवतीची दोरा भरलेली खाच. आधी मुठीखालचा छोटा नट पान्याने पाव फेरा आवळा. बऱ्याचदा तेवढ्यानंच काम होतं.

नट आवळूनही थेंब थांबला नाही. दोरा कसा भरायचा? टेफ्लॉन टेप चालेल का? (मानेवाडा)

चालेल, पण टेप नटाच्या आट्यांवर गुंडाळून उपयोग नाही, पाणी तिथून येतच नाही. तोटी पूर्ण बंद करा. वायसर धड असेल तर ग्लँडपर्यंत दाब पोचत नाही, तरी पहिल्यांदा करताना मेन कॉक बंद केलेला बरा. मूठ काढून वरचा छोटा नट खोला. खालच्या मोठ्या नटाला हात लावू नका, त्यानं अख्खं डोकंच निघतं. पाइप जुना जीआयचा असेल तर दुसऱ्या पान्याने तोटीचं अंग धरून ठेवा, नाहीतर भिंतीतला सांधा हलायचा.

आतला काळा, कडक झालेला दोरा वाकवलेल्या टाचणीने उकरून काढा, पण स्पिंडलवर ओरखडा उठू देऊ नका. आता टेप पिळून वातीसारखी करा आणि नट ज्या दिशेने आवळतो त्याच दिशेने स्पिंडलभोवती गुंडाळा. उलटी गुंडाळली तर नट तिला बाहेर ढकलतो. तीन-चार वेढे घालून बोथट काडीने दाबत चला. खाच जवळपास भरली, तरी नटाचे दोन-तीन आटे हातानेच बसले पाहिजेत. मग पान्याने थोडंसं आवळा, मूठ लावा, तोटी उघडा. ओल दिसली तर आणखी जरासं. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी ग्रेफाइटची ग्लँड दोरीही अशीच भरतात.

मीटरजवळच्या स्टॉपकॉकचा ग्लँड भरला. आता तो उघडताना नटच सोबत फिरतो. (धरमपेठ)

नट फार आवळला गेलाय. दोऱ्याने स्पिंडल इतका जखडला की मूठ नटालाही ओढून नेते. पाव फेरा सैल करा. मूठ दोन बोटांनी, किंचित अडत फिरायला हवी. पुढच्या खेपेला खोलण्याआधी एक लक्षात ठेवा: स्टॉपकॉक बंद केला तरी गच्चीवरच्या टाकीचं पाणी पलीकडून उलटं येतं, तेव्हा टाकीचा कॉकही बंद करा.

बोअरचं पाणी आहे. दोरा भरला की महिनाभरात पुन्हा गळती. (हुडकेश्वर)

स्पिंडल पुसून नखाने चाचपा. पांढरा खार असेल तर व्हिनेगरच्या फडक्याने काही वेळ गुंडाळून ठेवा, मऊ झाला की घासून काढा. खरखरीत खार दोरा कापत जातो. पण नख खड्ड्यात अडकत असेल किंवा स्पिंडल मधेच बारीक झाला असेल, तर दोरा टिकायचा नाही. अशा वेळी तोटी बदलायलाच हवी.