पाळी लांबली म्हणजे दिवस राहण्याची भीती संपली का?

«वय ४६. वर्षभरापासून पाळीचा नेम नाही, कधी २२ दिवसांत, कधी दोन महिन्यांनी. या वेळी ७० दिवस झाले तरी आली नाही. रक्ततपासणीत एफएसएच, म्हणजे पाळी जायच्या काळात वाढणारं हार्मोन, वाढलेलं आलंय. आता निरोध वापरणं बंद केलं तर चालेल ना?»

नाही, अजून बंद करू नका. आणि आधी लघवीची गर्भतपासणी करून घ्या, मग बाकीचं वाचा.

आपल्या डोक्यात असं पक्कं बसलेलं असतं की पाळी येते म्हणून दिवस राहतात, पाळी थांबली की प्रश्न मिटला. घडतं ते उलट्या क्रमाने. आधी बीज सुटतं आणि पाळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येते. पाळी लांबते तेव्हा हे नंतरचे दोन आठवडे फारसे लांबत नाहीत, लांबतो तो बीज तयार होण्याआधीचा काळ. म्हणजे बीज सुटून गेलं हे कळतं ते पुढची पाळी आल्यावर, तेव्हा खबरदारी घ्यायची वेळ टळलेली असते.

तारखा घालून बघा. समजा एका बाईची पाळी २ जानेवारीला आली आणि त्यानंतरची थेट १६ मार्चला. मधल्या ७३ दिवसांत तिला वाटलं, आता संपलं. पण मागे मोजलं तर बीज २ मार्चच्या आसपास सुटलेलं निघतं. शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जगू शकतात, म्हणून फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातला संबंधही पुरेसा होता. तेव्हा तिला दिवस राहिले असते तर १६ मार्चची पाळी आलीच नसती, आणि ती म्हणाली असती, बघा, पाळी गेलीच! या वयात दोन्ही गोष्टींची खूण एकच असते, त्यामुळे तारखा मोजून ‘सुरक्षित दिवस’ काढण्याचा हिशोब इथे चालतच नाही. शिवाय काही वेळा बीज न सुटताही रक्तस्राव होतो, तर कधी बीज नेहमीपेक्षा बरंच लवकर सुटतं.

माझ्या बाबतीत हेच झालं. ४५ व्या वर्षी पाळी चुकली, छाती जड वाटायची, दुपारी डोळे उघडे राहायचे नाहीत. सगळं मी पाळी जाण्याच्या खात्यावर टाकलं. तपासणी केली ती नवव्या आठवड्यात, आणि पट्टीवर दोन रेघा आल्या. पुढे दोन आठवड्यांनी गर्भपात झाला, आपोआप. पंचेचाळिशीनंतर दिवस राहण्याची शक्यता कमी असते हे खरं, पण राहिले तर निम्म्याहून जास्त वेळा असंच होतं. ते दिवस मी विसरलेले नाही, म्हणून एवढं लांबण लावून लिहितेय.

एफएसएचबद्दल. या वर्षांत तो आकडा वरखाली होत राहतो. आज वाढलेला दिसला तरी पुढच्या महिन्यात बीज सुटू शकतं. त्यामुळे एका रिपोर्टवरून गर्भनिरोधन थांबवता येत नाही.

मग थांबवायचं कधी? पन्नाशीच्या आत शेवटची पाळी आली असेल तर त्यानंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर आली असेल तर एक वर्ष. मध्ये एकदाही पाळी आली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. हे नैसर्गिक पाळीला लागू आहे. गर्भनिरोधक गोळ्यांवर असताना येणारा रक्तस्राव ही खरी पाळी नसते, त्यावरून काहीच ठरवता येत नाही. आणि अंगातून वाफा येतात म्हणून हार्मोन्सचे उपचार सुरू केलेत, तर ते गर्भनिरोधक नव्हेत, हे बऱ्याच जणींना कोणी सांगितलेलंच नसतं.

निरोधाचा कंटाळा आला असेल तर डॉक्टरांशी तांबीबद्दल बोला. चाळिशीनंतर बसवलेली तांबी सहसा पाळी जाईपर्यंत ठेवता येते, बदलावी लागत नाही. फक्त तुम्हाला आधीच अंगावरून जास्त जात असेल तर तांबीने ते वाढू शकतं. तिथे हार्मोनवाली तांबी बरी, तिने स्राव कमी होतो. नेहमीच्या दोन हार्मोन्सच्या गोळ्या मात्र स्वतःहून सुरू करू नका. रक्तदाब जास्त असेल, धूम्रपान असेल किंवा डोळ्यांपुढे वेडीवाकडी चमक दिसून अर्धशिशी उठत असेल तर त्या धोक्याच्या आहेत.

तपासणी आज नकारार्थी आली तरी गेल्या तीन आठवड्यांत निरोधाशिवाय संबंध आला असेल तर तेवढ्यावर विसंबू नका. त्या संबंधापासून तीन आठवडे झाले की पुन्हा करा, तोवर निरोध चालू ठेवा.