ग्राफ 130 वरून सुरू होतोय? मग आधी हुकला हात लावू नका

> "माझ्या प्रत्येक यूट्यूब शॉर्टचा रिटेन्शन ग्राफ पहिल्या तीन सेकंदांत धाडकन खाली येतो. सुरुवात 125-130 टक्क्यांवर, तिसऱ्या सेकंदाला 80 च्या आसपास. हुक चार वेळा बदलला, काही फरक नाही. शेवट सुरुवातीला जोडून लूपही करते. चुकतंय कुठे?"

तुमच्या प्रश्नातलं शेवटून दुसरं वाक्य वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. याच लूपपायी माझे सहा महिने गेले आहेत.

मी दुरुस्तीचे छोटे व्हिडिओ करतो. डोकं झिजलेला स्क्रू रबरबँड ठेवून कसा काढायचा, असा एक 22 सेकंदांचा व्हिडिओ होता. शेवटचं वाक्य "आणि म्हणूनच..." असं अर्धवट सोडलेलं आणि पहिल्या वाक्याला बेमालूम जोडलेलं. ग्राफ 130 वर सुरू, तिसऱ्या सेकंदाला 84, शेवटी 62. एका संस्थेला पैसे देऊन चॅनेल तपासून घेतलं होतं. त्यांच्या अहवालात एकच ओळ: "पहिल्या तीन सेकंदांत 46 अंकांची घसरण, हुक कमकुवत." मी दोनदा विचारलं की सुरुवात शंभराच्या वर कशी? उत्तर आलं, "ते चांगलंच असतं." याचा राग मला अजूनही येतो, कारण अख्खं उत्तर त्या आकड्यातच होतं.

हजार जणांनी व्हिडिओ सुरू केला असं धरा. 130 म्हणजे पहिला क्षण 1300 वेळा चालला. हजार वेळा नव्याने आणि 300 वेळा लूप होऊन. लूपमध्ये परत आलेल्याला एक-दोन सेकंदांतच कळतं की हे तर आत्ता पाहिलं, आणि तो निघून जातो. त्याचं जाणं ग्राफमध्ये तुमच्या पहिल्या तीन सेकंदांच्या नावावर जमा होतं. त्या 300 मधले 260 असे गेले असतील, तर तिसऱ्या सेकंदाला उरलेल्या 840 पैकी 40 लूपवाले आणि 800 नवे. म्हणजे हुकने गमावले 200. बाकीची घसरण लूपची.

260 हा माझा अंदाज होता, म्हणून पडताळून पाहिलं. तोच व्हिडिओ, सुरुवात एका फ्रेमनेही न बदलता, फक्त शेवट स्पष्ट केला: स्क्रू हातात, वाक्य पूर्ण. ग्राफ 104 वर सुरू झाला आणि तिसऱ्या सेकंदाला 81. अंदाज जवळपास बरोबर निघाला. तुम्हीही हाच प्रयोग आधी करा. त्या वेळी दुसरं काहीही बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही. शिवाय फीडमध्ये किती जणांनी पाहिलं आणि किती जणांनी सरकवून दिलं, हा आकडा वेगळा मिळतो. तो तुमच्या इतर व्हिडिओंइतकाच असेल आणि तरी ग्राफ कोसळत असेल, तर संशय लूपवर घ्या.

मग उरलेल्या 200 चं काय? इथे खरं काम आहे. माझी रेष दीड सेकंदाच्या आसपास वाकत होती. मी त्या दीड सेकंदावरचं वाक्य सारखं बदलत राहिलो, तेही चूकच. माणूस कंटाळतो आधी आणि अंगठा हलतो नंतर, म्हणून रेष वाकते तिथून साधारण सेकंदभर मागे जाऊन एकेक फ्रेम पाहावी. माझ्याकडे तिथे 18 फ्रेम नुसतं रिकामं टेबल होतं, मग हात आत यायचा. सेकंदाला 30 फ्रेमच्या व्हिडिओत हे 0.6 सेकंद होतात. ते कापून स्क्रूवरून स्क्रूड्रायव्हर घसरतानाचा करकर आवाज पहिल्याच फ्रेमला आणला. बोलणं तेच ठेवलं. तिसऱ्या सेकंदाचा आकडा 81 वरून 88 झाला.

मोठे व्हिडिओ करत असाल तर एक लक्षात ठेवा. यूट्यूबच्या रिटेन्शन डेटात व्हिडिओच्या लांबीचे 100 समान भाग असतात. 22 सेकंदांच्या व्हिडिओत पहिल्या तीन सेकंदांना तेरा-चौदा बिंदू मिळतात, तीन मिनिटांच्या व्हिडिओत जेमतेम दोन. तिथे दीड सेकंदावर काय झालं हे त्या रेषेवरून ठरवू नका.

लूप वाईट, असं माझं म्हणणं नाही. काही विषयांत लोक खरंच दुसऱ्यांदा बघतात. माझा अनुभव दुरुस्तीच्या व्हिडिओंचा आहे, नाच किंवा विनोदाला तो जसाच्या तसा लागू होईलच असं नाही. पण हुक पारखायचा असेल त्या आठवड्यात तरी लूप बंद ठेवा, असं माझं ठाम मत आहे. त्या सहा महिन्यांत मी हुक इतके भडक करत गेलो की आठव्या सेकंदाला, म्हणजे रबरबँड दिसताच, दुसरी घसरण सुरू झाली. लोकांना काहीतरी मोठं दिसेल असं वाटायचं आणि निघायचा रबरबँड. ती घसरण पहिल्यापेक्षा वाईट, कारण ती ज्यांना थांबायचं होतं त्यांची होती.

बिनलूपचा व्हिडिओ टाकलात की पुरेसे व्ह्यूज येईपर्यंत थांबा. माझ्याकडे पहिल्या शे-दोनशे व्ह्यूजवर रेष रोज बदलायची. मग पहिला, दुसरा आणि तिसरा सेकंद असे तीन आकडे इथे टाका, पुढचं त्यावरून पाहू.