आधी लेंडी बघ, मग बाटली उघड

पोरी,

परवा फोनवर तू विचारलंस की सर, मेंढरांना जंतनाशक दर तीन महिन्याला पाजायचं ना, तेव्हा मी गाडीवर होतो म्हणून नुसतं नंतर बोलू म्हटलं. तीन महिने हा कॅलेंडरचा आकडा आहे, जंताचा नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय आणि एकाच जंताबद्दल लिहितोय, कारण आपल्याकडं पावसाळ्यात मेंढरं मारण्यात हाच पुढं असतो. हिमाँकस. धनगर मंडळी मेंढरालाच बकरी म्हणतात हे लक्षात ठेव, नाहीतर पहिल्याच दिवशी शेळीचा डोस काढून बसशील. शेळीच्या अंगातून ही औषधं लवकर निघून जातात, त्यामुळं तिचा डोस मेंढीपेक्षा जास्त असतो.

हा जंत चौथ्या पोटात राहतो आणि रक्त पितो. मादी दोन-तीन सेंटीमीटरची, लाल आतड्याभोवती पांढरा अंडाशय दोरीसारखा वळलेला, त्यामुळं पोस्टमॉर्टेमला पोट कापलं की नुसत्या डोळ्यांनी ओळखता येते. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त घेतो, ऐकायला काहीच नाही वाटत, पण हजार जंत धरले तर रोज ५० मिली होतं, आणि ४० किलोच्या मेंढीत एकूण रक्त असतं अडीच लिटरच्या आसपास. त्यामुळं हगवण नाही, खाणं चालू आहे, आणि तरी मेंढी चालता चालता मागं पडते, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते, पापणी कागदासारखी पांढरी होते. हगवण लागली तरच जंत असं तुला गावात शंभर जण सांगतील, ते मनावर घेऊ नकोस.

एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी टाकते. ती लेंडीतून पडतात, ऊब आणि ओल मिळाली की दिवसाभरात फुटतात, आणि आठवड्याभरात अळी तिसऱ्या अवस्थेला येते. फक्त हीच अवस्था मेंढीला लागते. तिच्या अंगावर एक जास्तीची कात असते, त्यामुळं ती काही खाऊ शकत नाही, साठवलेल्या ताकदीवरच जगते. दवाच्या पाण्यातून गवतावर चढते, पण फार वर जात नाही, बहुतेक अळ्या बुडख्यापासून चार बोटांतच असतात, म्हणून बुडापर्यंत खुरटलेल्या माळावर मेंढी जास्त अळ्या गिळते. गिळल्यापासून तीन आठवड्यांत नवी मादी अंडी टाकायला लागते. आता जून-जुलैचा कागलकडचा माळ डोळ्यापुढं आण, ऊन-पाऊस आलटून पालटून, गवत कोवळं, म्हणजे महिन्याभरात एक फेरा पूर्ण. एप्रिल-मेत उलटं, उन्हानं माळावरच्या अळ्या भाजून निघतात आणि जंत उरतो तो मेंढीच्या पोटातच, काही वेळा अर्धवट वाढलेल्या अवस्थेत झोपून राहिलेला, पावसाची वाट बघत.

सगळं प्लॅनिंग या दोन चित्रांवर आहे. मेअखेरीला पाजलं तर पाऊस पडल्यावर माळावर पहिली अंडी टाकणारेच कमी होतात, हे खरं. पण याच वेळी एक धोका आहे आणि तो पुस्तकात एका ओळीत उरकलेला असतो. माळावर अळी नाही, सगळे जंत पोटात, आणि तू सगळ्याच्या सगळ्या मेंढरांना औषध दिलंस तर वाचलेले जंत कोण? ज्यांच्यावर औषध चालत नाही ते. मग पावसाळाभर माळ त्यांच्याच पिलावळीनं भरणार. म्हणून दहातली एक-दोन धष्टपुष्ट, पापणी लाल असलेली मोठी मेंढरं मुद्दाम बिनऔषधाची ठेवायची, त्यांच्या पोटातले साधे जंत पुढच्या पिढीत मिसळू देत. मालकाला हे पटवणं अवघड जातं, पण पटवायचं. आणि औषध पाजलं की लगेच स्वच्छ माळावर हाकलायचं, ही जुनी सवयही याच कारणानं सोडून दे.

पावसाळ्यात मग दर दोन आठवड्यांनी पापण्या बघत जा. त्यासाठी ‘फामाचा’ नावाचं कार्ड आहे, दक्षिण आफ्रिकेत निघालेलं, त्यावर १ ते ५ रंग आहेत, १ लालभडक आणि ५ पांढरा. सावलीत बघायचं नाही, वरची पापणी हलकी दाबून खालची ओढायची आणि झटकन रंग जुळवायचा. ४ आणि ५ ला औषध द्यायचंच, आणि कोकरू, गाभण किंवा दूध पाजणारी मेंढी असेल तर ३ ला पण. व्यायच्या सुमारास मेंढीची जंताला रोखायची ताकद उतरते आणि लेंडीतली अंडी एकदम वाढतात, तिच्यावर जास्त लक्ष ठेव. पण पापणी पांढरी म्हणजे हिमाँकसच असंही नाही, लिव्हर फ्लूक, गोचिडानं पसरणारे ताप, यांनीही रक्त उतरतं. म्हणून लेंडी तपासायचीच.

आता एक कळप सांगतो, त्यात चूक माझीच होती. ऑगस्टचा महिना, १२० मेंढरं, मी सगळ्यांना फेनबेंडाझोल पाजून आलेलो. पंधरा दिवसांनी धनगर दारात, "डाक्टर, औषध पाजलं की, तरी बकरी खालीच बसायल्यात." मी वजन नजरेनं २५ किलो धरलं होतं, म्हणजे ५ मिग्रॅ प्रतिकिलोनं १२५ मिग्रॅ, अडीच टक्क्याच्या औषधाचे ५ मिली. काट्यावर चढवल्यावर मोठ्या मेंढ्या ४० किलोच्या निघाल्या, त्यांना ८ मिली लागत होतं, पोहोचले होते जेमतेम ३ मिग्रॅ प्रतिकिलो. कळपात डोस नेहमी सगळ्यात जड मेंढीच्या वजनानं ठरवायचा, आणि कोकरांचा गट वेगळा करायचा.

पण माझाच डोस चुकला की औषधच चालेनासं झालं, हे कसं कळणार? मी दहा-दहाचे दोन गट केले. लेंडी जमिनीवरची नाही, थेट गुदद्वारातून घेतली. ३ ग्रॅम लेंडी ४२ मिली पाण्यात कुस्करून गाळली, गाळ बसवून मिठाच्या संपृक्त पाण्यात घेतला आणि मॅकमास्टर स्लाइडवर दोन्ही खान्यांतली अंडी मोजून ५० नं गुणलं. दोन्ही गटांची सरासरी ग्रॅमला १२०० च्या आसपास आली. एका गटाला काट्यावर मोजून पूर्ण फेनबेंडाझोल, दुसऱ्याला लेव्हामिसोल ७.५ मिग्रॅ प्रतिकिलो. हे औषध जास्त झालं तर लाळ गळते, थरथर सुटते, त्यामुळं इथं अंदाजाला जागाच नाही. बाराव्या दिवशी परत मोजलं. फेनबेंडाझोलच्या गटात २४० उरली, म्हणजे

(१२०० − २४०) ÷ १२०० = ०.८०

८० टक्के घट. ९५ च्या खाली आली की शंका घ्यायचीच. लेव्हामिसोलच्या गटात ३० उरली, घट ९७.५ टक्के. म्हणजे डोस माझा चुकला होता हे खरं, पण पूर्ण डोसलाही जंत दाद देत नव्हते, त्या कळपात फेनबेंडाझोल बंद केलं आणि लेव्हामिसोल सुद्धा फक्त पापणी बघूनच दिलं.

अजून एक गोष्ट, अंड्यांचा आकडा कमी आला म्हणून निर्धास्त होऊ नकोस. अर्धवट वाढलेला जंतही रक्त पितो पण अंडी टाकत नाही, त्यामुळं पहिल्या जोरदार पावसानंतर तिसऱ्या आठवड्यात मेंढी पांढरी पडलेली आणि लेंडीत जवळपास काहीच नाही असं होतं. तेव्हा पापणीवर विश्वास ठेव, आणि एखादी मेली तर चौथं पोट स्वतः उघडून बघ.

बाराव्या दिवसाच्या लेंड्या आणशील तेव्हा पिशवीतली हवा काढून, गाठ मारून, बर्फाच्या डब्यात आण आणि त्याच दिवशी मोज. गाडीच्या डिक्कीत उन्हात तापल्या तर वाटेतच अंडी फुटतात, मग मोजायला कमी सापडतात आणि न चाललेलं औषध चाललं असं वाटतं.