थायोसायनेट घालायची वेळ

उद्यमबागेतल्या फाउंड्रीच्या पितळातलं तांबं आयोडीनच्या टायट्रेशनने मोजताना स्टार्चचा निळा रंग गेला म्हणेपर्यंत परत येतोय ना? ब्युरेट ठीक आहे. क्युप्रस आयोडाइडचा साका आयोडीन धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो. थायोसल्फेटने तपकिरी रंग फिकट पिवळा झाला की स्टार्च घाल. निळा रंग उतरू लागला की मगच 2 ग्रॅम पोटॅशियम थायोसायनेट घालून फ्लास्क चांगला हलव. साक्याच्या कणांवर क्युप्रस थायोसायनेट तयार होतं, अडकलेलं आयोडीन सुटतं आणि निळा रंग पुन्हा गडद होतो. आता थेंबाथेंबाने पुढे जा. घाईने सुरुवातीलाच घातलंस, तर आयोडीन थायोसायनेटवर खर्च होऊन तांबं कमी दिसेल. 0.3 ग्रॅम पितळाला 0.1 नॉर्मल थायोसल्फेट 28.2 मिली लागलं, तर 28.2 × 6.355 = 179.2 मिलीग्रॅम, म्हणजे 59.7 टक्के तांबं. इथे 0.1 मिली चुकलं तरी 0.2 टक्के जातात.