वेस्टेज टक्क्यात धरू नका, शीटमध्ये धरा

प्रश्न: हजार पॅम्फ्लेटचा दर आणि पाच हजारांचा दर हजारी यात दुपटीहून जास्त फरक का? कोटेशनमध्ये वेस्टेज किती टक्के धरायचं?

टक्के हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. रविवार कारंज्याजवळच्या आमच्या प्रेसमध्ये थोरला भाऊ प्रत्येक कामाला सरसकट पाच टक्के धरायचा. एका क्लासचं काम आलं. हजार प्रती, चार रंग, एक बाजू, मजकुरामागे गडद निळा सॉलिड. १८ बाय २३ च्या शीटवर चार प्रती, म्हणजे २५० शीट. त्यावर पाच टक्के धरून भावाने २६३ शीट मशीनवर पाठवल्या.

मशीन एकरंगी, त्यामुळे तीच शीट चार वेळा जाणार. मशीनमनने सुरुवात रद्दीवर केली, पण रंगाचा खरा टोन त्याच कागदावर कळतो. त्यात पावसाळा. दोन रंगांच्या मधल्या वेळात कागदाने ओल धरली, कडा लहरी झाल्या. भिंगातून पाहिलं तर रंग एकावर एक जुळवायच्या रजिस्टरच्या फुलीशेजारी लाल रेघ वेगळी दिसत होती. ते जुळेपर्यंत चांगल्या शीट खर्ची पडल्या आणि शेवटी १८० च हाती आल्या. उरलेल्या ७० साठी चारही प्लेट पुन्हा चढवल्या, दर रंगाला रोलर धुतले, रजिस्टर नव्याने लावलं. भावाने मशीनमनला झापलं. माझ्या मते त्या माणसाचा काडीचा दोष नव्हता. १३ जादा शीटमध्ये चार रंग कोणीच जुळवू शकत नाही.

मशीन लावायला लागणाऱ्या शीट प्रतींवर अवलंबून नसतात. अशा कामाला मी १५० धरतो, मग प्रती हजार असोत की पाच हजार. मोठ्या कामात चालू मशीनवरच्या खराबीसाठी वर दोन टक्के.

आता हिशेब. ९० जीएसएमची ही एक शीट २४ ग्रॅम भरते. कागद १०० रुपये किलो धरा. हजार प्रतींना ४०० शीट, म्हणजे ९६० रुपये. चार प्लेट १२००, मशीन दर रंगाला किमान ४०० प्रमाणे १६००, शाई १००. एकूण ३८६०. पाच हजारांना १४२५ शीट, म्हणजे कागद ३४२०. प्लेट त्याच १२००. मशीनचे पहिल्या हजार शीटनंतर पुढच्या हजारापर्यंत दर रंगाला २०० जादा, म्हणून २४००. शाई ४००. एकूण ७४२०, दर हजारी १४८४.

छोट्या कामात कोणी लुबाडत नाही. मशीन लावायचा तास-दोन तासांचा वेळ तेवढाच जातो, तो फक्त हजारावर पडतो. पाच टक्क्यांचा नियम छोट्या कामात बुडवतो. आणि वीस हजार प्रतींना तो माझ्या हिशेबाच्या जवळच येतो, म्हणून भावाला वाटतं आपण बरोबर होतो.

दर बाजारात बदलतात, तुमचे घाला. चाररंगी मशीन असेल तर १५० शीट लागणार नाहीत. दोन्ही बाजूंची छपाई असेल तर आधी विचारा, त्याच प्लेटवर शीट उलटून काम होतंय की आठ प्लेट लागतायत.