‘वाजतापासून’ की ‘वाजल्यापासून’?

*दारव्हा तालुक्यात गावी वास्तुपूजन आहे. पत्रिकेचा मजकूर असा केला: ‘गृहप्रवेश सकाळी 9 वाजून 42 मिनिटांनी वाजता, पूजा 10 वाजतापासून 12.30 वाजेपर्यंत, भोजन 1 वाजेपासून आपल्या आगमनापर्यंत.’ पुण्याची वहिनी म्हणते, ‘वाजतापासून’ असा शब्दच नाही. छापायला देऊ की बदलू?*

शब्द आहे. आपल्याकडे रोज बोलला जातो, छापलाही जातो. पण पत्रिका पुण्यालाही जाणार असेल तर ‘वाजल्यापासून’ करा.

‘वाजता’ हे मुळात ‘वाजणे’ या क्रियापदाचं रूप. नऊ वाजता म्हणजे नऊ वाजत असताना. ‘येता-जाता’, ‘बघता बघता’ यांतलंच हे ‘ता’. ‘पासून’ला मात्र आधी काहीतरी घडून गेलेलं लागतं. पारख करायची तर ‘वाजणे’ काढून ‘उजाडणे’ ठेवून बघा. ‘उजाडल्यापासून कामाला लागलो’ असं आपण म्हणतो, ‘उजाडतापासून’ कोणी म्हणत नाही. व्याकरणात वहिनींची बाजू आहे ती इथे.

पण त्याच वहिनी ‘दहा वाजताची गाडी’ म्हणत असतील. क्रियापदाच्या या रूपाला ‘ची’ लावताना तिकडेही कोणाला अडखळायला होत नाही, कारण बोलणाऱ्याच्या मनात ‘वाजता’ हा घड्याळातल्या वेळेचा शब्द होऊन बसला आहे. आपण वऱ्हाडात आणि नागपूरकडे त्याला आणखी एक पाऊल पुढे नेलं: ‘वाजताच्या सुमारास’, ‘वाजतापर्यंत’, ‘वाजतापासून’. त्यामुळे मी याला चूक म्हणणार नाही, प्रांताची लकब म्हणेन.

‘1 वाजेपासून’ची गोष्ट वेगळी. ‘वाजेपर्यंत’ बरोबरच आहे, कारण ‘वाजे’ हे अजून न घडलेल्याचं रूप: ‘येईपर्यंत’, ‘होईपर्यंत’ तसं ‘वाजेपर्यंत’. ‘होईपासून’ आपण म्हणत नाही. ‘वाजेपासून’ हे शेजारच्या ‘वाजेपर्यंत’चं बघून तयार झालेलं दिसतं. तेही खूप चालतं, पण एकाच पत्रिकेत ‘वाजतापासून’ आणि ‘वाजेपासून’ दोन्ही नकोत.

खरं बदलायला हवं ते मुहूर्ताच्या ओळीत. ‘9 वाजून 42 मिनिटांनी वाजता’ यात वेळ दोनदा सांगितली आहे. ‘मिनिटांनी’तलं ‘नी’ जे सांगतं तेच ‘वाजता’ सांगतो. एक तर ‘9 वाजून 42 मिनिटांनी’ लिहा, नाही तर ‘9.42 वाजता’. (गंमत म्हणजे ‘मुहूर्त’ हे जुन्या कालगणनेत दोन घटकांचं, म्हणजे 48 मिनिटांचं माप. पत्रिकेवर आलं की ते एका मिनिटाचं होतं आणि घरधनी कलश घेऊन उंबऱ्यापाशी मोबाईल बघत उभा राहतो.)

पूजेच्या ओळीचा शेवट व्याकरणात ठीक आहे, अर्थाने सैल आहे. ‘12.30 वाजेपर्यंत’ वाचून निम्मे लोक सव्वाबाराला येतात आणि त्यांच्या हाती फक्त हवनाचा धूर लागतो. पूजा कधी संपते हे सांगायचं असेल तर ‘आरती 12.30 वाजता’ लिहा. आरती म्हणजे शेवट, हे सगळ्यांनाच कळतं. ज्याला तीर्थप्रसाद घ्यायचा तो तेव्हा येईल, ज्याला नुसतं जेवायचं तो नंतर. जेवणाच्या जागी मात्र ‘तीर्थप्रसाद’ लिहू नका. काही जण तो शब्द वाचून घरून जेवून येतात.

राहिलं ‘आपल्या आगमनापर्यंत’. शब्दशः बघितलं तर तुम्ही आलात की जेवण संपलं! म्हणायचं असतं ते उलटं, तुम्ही याल तोवर पंगत चालूच. लग्नपत्रिकांतून आलेला हा शब्दप्रयोग मला आवडतो. त्यात आपल्याकडचा मोकळेपणा आहे. फक्त आचाऱ्याला तो परवडला पाहिजे. आमच्या काकांच्या वास्तूला हेच छापलं होतं. कापूस वेचणीचे दिवस, माणसं वावरातून हातपाय धुऊन साडेचारला आली. आलू-वांग्याची भाजी उरली होती, पण वरण संपलेलं, आणि आचारी गंज घासायला बसलेला. काकूनं घरच्या चुलीवर पुन्हा डाळ टाकली. ‘आगमनापर्यंत’ लिहिलं होतं ना!

माझ्या हातात असतं तर मी असं छापलं असतं:

गृहप्रवेश: सकाळी 9 वाजून 42 मिनिटांनी
वास्तुपूजन व हवन: 10 वाजल्यापासून
आरती: दुपारी 12.30 वाजता
भोजन: दुपारी 1 ते 4

‘आगमनापर्यंत’ ठेवायचंच असेल तर चारच्या जागी ठेवा, आणि डाळ थोडी जास्त भिजवा.