एक्सेलच्या SORTBY मध्ये दोन की: आधी डिपार्टमेंट, मग जास्त ते कमी पगार

प्रश्न: "स्टाफ लिस्ट डिपार्टमेंटप्रमाणे लावली की पगाराचा क्रम जातो, पगाराप्रमाणे लावली की डिपार्टमेंट विस्कटतात. दोन्ही एकाच फॉर्म्युल्यात कसं करायचं?"

समजा A मध्ये नाव, B मध्ये डिपार्टमेंट, C मध्ये पगार आहे, हेडिंग पहिल्या ओळीत आणि डेटा 2 ते 9. मग बाजूच्या रिकाम्या जागेत, E2 मध्ये म्हणा, एवढंच टाका:

```
=SORTBY(A2:C9,B2:B9,1,C2:C9,-1)
```

1 म्हणजे चढता, -1 म्हणजे उतरता. आधी लिहिलेली की मोठी, दुसरी की फक्त पहिलीत बरोबरी असेल तिथेच बघितली जाते, म्हणजे अकाउंट्सवाले सगळे एकत्र येणार आणि मग त्यांच्यातल्या त्यांच्यात पगार लागणार. जोड्या उलट लिहिल्या तर आख्ख्या स्टाफचा पगार आधी लागतो आणि डिपार्टमेंटचा उपयोग पगार सेम असेल तेव्हाच होतो, बहुतेक तुमचंही असंच काहीतरी होत असावं.

तिन्ही रेंजच्या ओळी सारख्या पाहिजेत हं, B2:B10 आणि C2:C9 असं झालं की लगेच `#VALUE!`. आणि खाली जागा अडली असेल किंवा फॉर्म्युला टेबलच्या आत टाकला तर `#SPILL!`.

पण खरा त्रास एरर न येता होतो, त्याकडे नीट बघा. अकाउंट्समध्ये पगार 42000, 38000 आणि 9500 आहेत, पण 9500 हा दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून टेक्स्ट म्हणून आलाय. उतरत्या क्रमात टेक्स्ट आकड्यांच्या वर जातं, त्यामुळे 9500 सगळ्यात वर, मग 42000, मग 38000 दिसतं आणि माणूस फॉर्म्युल्यात चूक शोधत बसतो, जी तिथे नसतेच. तपासायला `=COUNT(C2:C9)` टाका, आठही पगार भरलेले असून उत्तर आठपेक्षा कमी आलं तर तेवढे पगार टेक्स्ट आहेत.

तसंच डिपार्टमेंटचं. "सेल्स" च्या मागे एक स्पेस राहिली की एक्सेलच्या हिशेबी ते वेगळं डिपार्टमेंट, मग त्या माणसाचा पगार कितीही मोठा असो, तो बाकीच्या सेल्सवाल्यांच्या खाली एकटाच पडतो. डोळ्यांना ती स्पेस दिसत नाही म्हणून मी दोन्ही कीज साफ करूनच देतो:

```
=SORTBY(A2:C9,TRIM(B2:B9),1,--C2:C9,-1)
```

`--` टेक्स्टमधल्या आकड्याचा खरा आकडा करतो. मात्र हे फक्त क्रम लावण्यापुरतं, रिझल्टमध्ये 9500 अजूनही टेक्स्टच येतो आणि त्या कॉलमवर `SUM` लावला की तो मोजला जात नाही. त्यामुळे टोटल काढायची असेल तर मूळ C कॉलममधलेच पगार आकड्यात बदलून घ्या.

`SORTBY` एक्सेल 365 आणि 2021 मध्ये चालतं, 2019 मध्ये नाही. तिथे Data मधलं Sort उघडून Add Level ने दुसरी लेव्हल द्या, फक्त पगार बदलला की ते दरवेळी परत करावं लागेल.